जयबाणचा पल्ला 35 किलोमीटर? आधी गोळा नळीत कसा बसतो ते बघा

गडवेडा_इंदूर
जयपूरच्या जयगडावर जयबाण पाहून आलो. 1720 ची ओतीव तोफ, पन्नास टन वजन, 11 इंचाचं तोंड, 50 किलोचा गोळा, 100 किलो दारू आणि पल्ला 35 किलोमीटर! तेव्हा युरोपातल्या तोफा दोन-तीन किलोमीटरवर संपत होत्या. मोठी तोफ, भरपूर दारू, लांब पल्ला, हिशेब इतका साधा आहे. शंका घेणारे फक्त इंग्रजांनी लिहिलेलंच वाचतात.

किल्लागेट_ग्वाल्हेर
इंग्रजांचं सोडा, तुम्ही दिलेल्या आकड्यांवरच बोलू. तोफेचं तोंड 11 इंच, म्हणजे 28 सेंटिमीटर. तेवढ्याच व्यासाचा बिडाचा भरीव गोळा ओतला तर तो 83 किलोच्या आसपास भरतो. तुमचा गोळा 50 किलोचा आहे. म्हणजे त्याचा व्यास पावणेचोवीस सेंटिमीटर, आणि नळीत त्याच्या भोवती सगळीकडून दोन-दोन सेंटिमीटर मोकळी जागा. क्षेत्रफळ काढलंत तर तोंडाचा पाव भागाहून जास्त उघडा राहतो. बार झाला की धूर गोळ्याला ढकलायच्या आधी तिथूनच बाहेर पळतो.

थोडी फट तर सगळेच ठेवत. ओतलेला गोळा कधी पूर्ण गोल नसतो, त्यावर गंज चढतो, आणि दहा बार झाले की नळीत काजळीचा थर बसतो. घट्ट गोळा मध्येच अडकला तर तोफ फुटते आणि गोलंदाज मरतात. इंग्रजांचा नियम नळीचे 21 भाग केले तर गोळ्याचे 20 असा होता. त्यातही नऊ टक्के तोंड उघडंच राहायचं.

लहानपणी आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या वाड्यात बांबूच्या नळीत ओल्या कागदाचे बोळे ठासून उडवायचो. बोळा घट्ट बसला तर टप्पकन समोरच्या भिंतीवर. सैल बसला तर पायाशीच पडायचा, दट्ट्या कितीही जोरात मारा.

आता दारू. दुप्पट दारू घातली म्हणून वेग दुप्पट होत नाही, जेमतेम दीडपटीच्या आत वाढतो. शिवाय सोरा, गंधक आणि कोळशाची ती दारू जळल्यावर वजनाने निम्म्याहून जास्त भाग वायू होतच नाही. तो काजळी आणि पांढरा धूर होऊन जातो. त्यामुळे अशा तोफांचा गोळा तोंडातून सेकंदाला चारशे ते पाचशे मीटर वेगाने निघतो. साडेचारशे धरा. वाटेत हवाच नसती तरी 45 अंशांत तो साधारण 20 किलोमीटरवर पडला असता. 35 साठी सेकंदाला 586 मीटर लागतात, तेही हवा नसताना.

आणि हवा तर आहे. आवाजापेक्षा जास्त वेगाने जाणाऱ्या गोल वस्तूला ती भिंतीसारखी अडवते. साडेचारशेच्या वेगाला या आकाराच्या गोळ्याला मागे खेचणारा जोर त्याच्या स्वतःच्या वजनाच्या आठ-नऊपट असतो. 83 किलोचा गोळा नीट बसवून मारला तरी मी केलेल्या हिशेबाने तो पाच किलोमीटरच्या आसपास उतरतो.

गडवेडा_इंदूर
म्हणजे हिशेब तुमचा, निकालही तुमचाच. जयगडावर माणसं तोफ उडवून पाहिली म्हणतात. चाकसू गावाजवळ गोळा पडून तळं झालं, हे तिथला प्रत्येक जण सांगतो.

किल्लागेट_ग्वाल्हेर
इंग्लंडमधल्या डोव्हरच्या किल्ल्यात 1544 ची एक लांब तोफ आहे. तिला नीट ठासा आणि स्वच्छ ठेवा, ती समुद्रापलीकडे फ्रान्समधल्या कॅलेपर्यंत गोळा टाकेल, असं तिथली माणसंही सांगत आली. ते अंतर तर चाळीसेक किलोमीटर. लोक सांगतात म्हणून तिचाही पल्ला मी मानत नाही. इंग्रजांची बाजू घेतोय असं म्हणणार असाल तर हे आधी वाचा.

आणि हा हिशेब माझ्या एकट्याचा नाही. 1742 साली इंग्रज गणिती बेंजामिन रॉबिन्सने टांगत्या लाकडी लोलकावर गोळी मारून, तो किती झुलला यावरून तिचा वेग काढला. हवा सोडून हिशेब केला तर त्याची बंदुकीची गोळी 17 मैल जायला हवी होती. प्रत्यक्षात ती अर्धा मैलही जात नव्हती. त्याच्या आधी तोफांचे हिशेब करणारे बहुतेक जण हवा नगण्य धरून बसले होते.

भट्टीवाला
माझी तीस वर्षं ओतकामात गेली, पंपाची केसिंगं ओतली. नळीच्या लांबीबद्दल कुणीच बोललं नाही. जयबाणची नळी सहा मीटरच्या वर, म्हणजे तोंडाच्या बावीसपट. एवढ्या लांबीत दारू पूर्ण जळते, त्यामुळे वेग जास्त मिळणारच. किल्लागेटकर, तुमचे साडेचारशे कमी वाटतात मला.

पण एक सांगतो. पन्नास टन धातू एका वेळी ओतायचा म्हणजे अनेक भट्ट्या एकदम फोडायच्या. एकीचाही रस मागे राहिला तर आत सांधा राहतो. हवेची भोकं वर चढतात, म्हणून तोफ तोंड वर करून ओततात आणि तोंडावर जादा धातू ठेवून नंतर कापून टाकतात. मजबूत भाग खाली बुडाशी हवा, कारण बाराचा सगळा मार तिथेच बसतो. एकदा आमच्याकडे एका गिऱ्हाइकाने घाई करून हा जादा भाग कमी करायला लावला. बारा केसिंगांपैकी सात दाबाच्या चाचणीत पाझरली आणि नुकसान आमच्या माथी मारलं. तोफेत तसा पाझर म्हणजे माणसं मेली. म्हणून कोणताही शहाणा तोफखाना 100 किलो दारू भरणार नाही. तोफ सोसेल तेवढीच भरायची.

किल्लागेट_ग्वाल्हेर
लांबीचा मुद्दा बरोबर. वेग पाचशे धरायला हरकत नाही. पण तो जास्तीचा वेग हवा पहिल्या काही शे मीटरांतच खाऊन टाकते. पल्ला वाढला तरी अर्ध्या किलोमीटरच्या आतच.

बडोदेकर_ताई
आमच्या गायकवाडांच्या सोन्याच्या तोफांचा पल्ला कुणी सांगेल का? मिरवणुकीत बैल ओढायचे असं आजी सांगायची.

भट्टीवाला
ताई, सोनं मऊ असतं. त्या मानाच्या तोफा. त्यांचा पल्ला काढायचा नसतो.

जिवाजीगंजकर
तुम्ही सगळे सपाट जमिनीवर उभे आहात. आपला ग्वाल्हेरचा किल्ला शहरापासून शंभर मीटर उंच. वरून मारलं की पल्ला वाढतोच. जयगडही डोंगरावर आहे.

किल्लागेट_ग्वाल्हेर
आडवी तोफ मारली तर वाढतो, मान्य. शंभर मीटर पडायला गोळ्याला साडेचार सेकंद लागतात, तेवढ्यात तो हजार-बाराशे मीटर पुढे जातो. पण तोफ आधीच 45 अंशांत वर केली असेल तर शंभर मीटर उंचीने शेवटी शंभर मीटरही वाढत नाहीत, कारण गोळा जवळजवळ उभाच खाली येतो.

आणि उंचीचा तोटाही आहे. मैदानावर भरीव गोळा पहिल्या टप्प्यावर थांबत नाही. बेडकासारखा उसळत रांगाच्या रांगा कापत जातो. त्याचा खरा मार त्या टप्प्यांत असतो. वरून आलेला गोळा मातीत रुततो आणि तिथेच संपतो.

मल्हारपंथी_इंदूर
मैदानाचं निघालंच आहे तर पानिपतचं बोला. मराठ्यांकडे तेवढ्या मोठ्या तोफा असून काय झालं?

किल्लागेट_ग्वाल्हेर
अब्दालीच्या बाजूच्या अवधच्या नवाब शुजाच्या पदरी असलेल्या काशीराजाने ती लढाई डोळ्यांनी पाहिली. तो लिहितो की मराठ्यांच्या तोफा फार मोठ्या आणि जड होत्या, त्यांची पातळी सहज बदलता येत नव्हती. शत्रू जवळ आल्यावर गोळे त्याच्या डोक्यावरून जाऊन मैलभर मागे पडू लागले. म्हणजे तिथे पल्ला जास्त झाला. कमी पडला तो गाडा.

तोफ दोन बाजूंच्या खुंटांवर गाड्यात झुलते आणि बुडाखाली लाकडी पाचरी सारून तोंड वरखाली करतात. एवढं जड बूड पहारीने उचलून पाचर सरकवायला चार-पाच माणसं आणि वेळ लागतो. घोडा तेवढ्यात अंगावर येतो.

उलट बाजूनेही तसंच. पल्ला वाढवायला तोंड खूप वर केलं तर बूड गाड्याच्या लाकडाला टेकतं. जबरदस्तीने केलंच, तर धक्का मागे न जाता खाली आसावर बसतो आणि आस मोडतो. म्हणून गाड्यावरच्या तोफा आठ-दहा अंशांच्या वर फारशा जात नसत. 45 अंशांत मारायच्या त्या आखूड उखळी तोफा, चाकं नसलेल्या लाकडी बैठकीवर. तेव्हा 35 किलोमीटर म्हणण्याआधी पन्नास टनांची तोफ त्या गाड्यावर 45 अंशांत कशी उभी केली ते सांगा.

मल्हारपंथी_इंदूर
गाड्याला दोष देऊ नका. दोष गारद्यांना अशा जागी उभं करणाऱ्या भाऊंचा. मल्हाररावांनी गनिमी काव्याचं सांगितलं होतं, ऐकलं कुणी?

जिवाजीगंजकर
मल्हाररावांनी रणातून काढता पाय घेतला तेही लिहा मग. आमच्या जनकोजींचं काय झालं ते आठवा. दत्ताजी तर आधीच बुराडीला पडले होते. शिंद्यांनी माणसं दिली आणि तुम्ही सल्ले दिले.

मल्हारपंथी_इंदूर
शब्द जपून वापरा. माझ्या आजोळचे लोक त्या मोहिमेत होते. आजीने घरातल्या हकिकती सांगितल्यात, कुणी पळालं नव्हतं.

जिवाजीगंजकर
आमच्या घरातही सांगितल्यात. दोघांच्या आज्या खऱ्या बोलणार कशा?

भट्टीवाला
भाऊबंदकीसाठी वेगळा धागा काढा. महादजींनी काय केलं ते बघा, पानिपतातून लंगडत आलेला माणूस तो. त्यांनी युरोपीय सेनानी डी बॉइनला ठेवलं, सँगस्टरने आग्र्याला तोफा ओतल्या. हलक्या आणि बैलांनी पळवता येतील अशा. 1803 ला असईत त्याच शिंदेशाही तोफखान्याने वेलस्लीची माणसं जवळून छर्रे मारून आडवी केली. तिथे कुणालाही लांब पल्ला लागला नाही.

जिवाजीगंजकर
हे मात्र बरोबर. आणि त्या तोफा इंग्रजांनी नेल्या, आम्हाला किल्ल्यावर पाहायला काय उरलं? माझ्या मुलाला दाखवायला नेलं तर गाईड म्हणाला, इथून आग्र्यापर्यंत गोळा जायचा. मुलगा शाळेत तेच सांगून आला आणि बाईंनी मला बोलावून घेतलं.

गडवेडा_इंदूर
35 चा आकडा मी फलकावरून घेतला, तो सोडतो. पण 50 किलो चूक आहे हे तुम्ही गोळा न पाहताच ठरवलंत. पोकळ गोळा असेल, दगडाचा असेल.

किल्लागेट_ग्वाल्हेर
दगडाचा त्या तोंडात मावेल असा तीसेक किलोचा भरेल, 50 चा नाही. पोकळ असू शकतो, ते नाकारत नाही. मग त्याला हवा अजून जास्त अडवेल, कारण आकार तोच आणि वजन कमी.

गडवेडा_इंदूर
फेब्रुवारीत पुन्हा जयपूरला जाणार आहे. काय मोजून आणू?

किल्लागेट_ग्वाल्हेर
तोंडाचा व्यास आतून मोजा, कडेच्या कंगोऱ्यावरून नको. गोळा ठेवलेला असेल आणि हात लावू दिला तर दोरीने घेर घ्या. भरीव बिडाचा 50 किलोचा असेल तर साधारण 74 सेंटिमीटर येईल. 28 च्या नळीला नियमाने बसणारा असेल तर 84, आणि वजन 70 किलोच्या थोडं वर. गोळ्यावर ओताचा सांधा किंवा भोक दिसतं का तेही पाहा. भोक असेल तर पोकळ.

भट्टीवाला
बुडाच्या बाहेरून धातूची जाडीही पाहून या, बत्ती लावायच्या कानाच्या जवळची. 100 किलो दारू सोसणारं बूड आहे की नाही ते मी तुमच्या मापावरून सांगतो.

मल्हारपंथी_इंदूर
जनकोजींचा विषय संपलेला नाही. जिवाजीगंजकर, उत्तर हवंय.