प्रतिसाद: व्हिडिओ कॉलवर घसा दाखवताना

> व्हिडिओवर घसा नीट दिसतच नाही, मग डॉक्टरांना दाखवायचं तरी काय?

फोटो आधीच काढून पाठवायचा. मागचा कॅमेरा, फ्लॅश चालू आणि फोटो दुसऱ्या कुणीतरी काढायचा. जीभ बाहेर ताणू नका. तोंडातच सैल ठेवून लांब 'आ' म्हटलं की पडजीभ वर जाते आणि दोन्ही टॉन्सिल दिसतात. त्याआधी चहा, पान, हळदीच्या गुळण्या नकोत, पिवळेपणाने डॉक्टरच बुचकळ्यात पडतील. साध्या पाण्याने चूळ भरा.

पण फोटोवर सगळं ठरत नाही. जुळे सोलापुरात राहणाऱ्या माझ्या भाचीने ताप वेळेसकट लिहून ठेवला होता: सकाळी 8 ला 102, पॅरासिटामॉल घेण्याआधी. खोकला अजिबात नाही, जबड्याखालच्या गाठी दाबल्यावर दुखत होत्या, टॉन्सिलवर पांढरे ठिपके. हे चारही एकत्र असले की स्ट्रेप्टोकोकस जिवाणूचा संशय वाढतो. सर्दी-खोकला सोबत असेल तर बहुधा व्हायरल. खात्री मात्र त्यानेही होत नाही, म्हणून डॉक्टरांनी आधी घशाचा स्वॅब द्यायला लावला. स्क्रीनवरून तो घेता येत नाही, तेव्हा "स्वॅब लागेल का, आणि अँटिबायोटिक कशावरून देताय?" हे स्पष्ट विचारा. आधी कुठल्या औषधाची ॲलर्जी आली असेल तर तेही न विचारता सांगा.

लाळही गिळवत नसेल, तोंड उघडत नसेल किंवा श्वास घेताना घरघर होत असेल, तर कॉल लावत बसू नका, थेट सिव्हिल गाठा.