मदत हवी आहे: स्टॉक रिपोर्ट उशिरा जातोय, कारण कसं लिहू?

घाईत_आहे: महिनाअखेरचा स्टॉक रिपोर्ट ३ तारखेला द्यायचा होता, आज ८ आहे. सोबत उशिराचं कारण लिहून मागतात. 'अपरिहार्य कारणास्तव' लिहिलं की रिपोर्ट परत येतो. संध्याकाळपर्यंत पाठवायचाय. दोन ओळी सुचवा, प्लीज.

जुनाखेळाडू: रिपोर्टवर ३ तारीख टाका आणि द्या. कोण बघतंय?

भांडारवाली: मेलवर ८ तारीख येणार, आत ३. मग उशीर बाजूला राहतो आणि तारखेची चौकशी सुरू होते. असलं काही करू नका. मुळात उशीर झाला कशाने?

घाईत_आहे: भांडारपाल रजेवर होते, त्यामुळे मोजणीच ५ ला झाली. अजून काय सांगू?

भांडारवाली: हे ५ पर्यंतचं झालं. ५ ते ८ काय चाललं होतं? वाचणारा आधी तेच विचारेल.

घाईत_आहे: एका आयटममध्ये ३ नग कमी येत होते, ते शोधत होतो. सापडले नाहीत.

भांडारवाली: मग तेही लिहा. आणि मोजणी ५ ची असेल तर ३१ चा आकडा कुठून आला?

घाईत_आहे: ५ ला ४१२ भरले. मधल्या दिवसांत ६० आले, ८५ गेले. म्हणून ४१२ + ८५ − ६० = ४३७. पुस्तकात ४४०.

एक्सेलप्रेमी: पिव्होट टेबल लावा, दहा मिनिटांत रिपोर्ट होतो. फाइल पाठवू का?

घाईत_आहे: रिपोर्ट तयार आहे हो! कारण हवंय.

भांडारवाली: असं लिहा: "अहवाल ३ ऐवजी ८ तारखेला देत आहे. भांडारपाल रजेवर असल्याने मोजणी ५ तारखेला झाली. ३१ तारखेचा साठा मधली आवक-जावक धरून मागे मोजून काढला आहे. एका आयटममधील ३ नगांचा फरक शोधण्यात पुढचे दिवस गेले. तो सुटलेला नाही, तसाच दाखवला आहे." मागे मोजल्याचं वाक्य गाळू नका. मधली एखादी जावकेची पावती नोंदवायची राहिली असेल तर ३ नग तिथेच असू शकतात. ५ तारखेच्या सकाळचा माल मोजणीआधी आत आला की नंतर, तेही बघा.

रजेचा_मारा: आमच्याकडे मी रजेवर असताना माझंच नाव घालून असं पाठवलं. आजही राग येतो. रजेचा उल्लेखच नको, 'मोजणी ५ ला झाली' एवढं पुरे.

भांडारवाली: मग का झाली, हे विचारायला मेल परत येईल. नाव नको, पद पुरे.

रजेचा_मारा: भांडारपाल एकच असेल तर पद म्हणजेच नाव.

जुनाखेळाडू: माझे रिपोर्ट कधी परत आले नाहीत.

घाईत_आहे: ५ चं चलन मिळालं. माल सकाळी आला, पण मोजणी किती वाजता सुरू केली ते शीटवर नाही. हेही लिहू का?

भांडारवाली: लिहा. वेळ आठवून टाकू नका.