मदत हवी आहे: बारावीच्या इंग्रजी गुणांवर ब्रिटनमध्ये आयईएलटीएसमधून सूट मिळेल का?

शाल्मली_पुणे: माझे पहिलीपासून बारावीपर्यंतचे शिक्षण इंग्रजी माध्यमात झाले असून २०१९ मध्ये राज्य मंडळाच्या बारावीत मला इंग्रजीत १०० पैकी ७८ गुण होते. सप्टेंबर २०२६च्या एम.एस्सी.साठी ब्रिटनमधील एका विद्यापीठाने सशर्त प्रवेश देऊ केला आहे. बारावीच्या इंग्रजीत ७० गुण असल्यास ते चाचणी माफ करतात, पण ते गुण गेल्या पाच वर्षांतले असावेत, अशी ओळ पत्राच्या तळाशी आहे. शाळेचे माध्यमाचे प्रमाणपत्र जोडल्यास चालेल का? आणि विद्यापीठाने सूट दिली तरी व्हिसाच्या वेळी चाचणी मागतील का?

सदानंद_ठाणे: इंग्रजीभाषक देशांच्या ब्रिटिश यादीत भारत नाही, त्यामुळे चाचणी अटळ आहे.

मेघना_लीड्स: यादीबद्दल आपले बरोबर आहे, निष्कर्ष मात्र चुकला. पदवी किंवा त्यावरील अभ्यासक्रमासाठी विद्यापीठ स्वतः विद्यार्थ्याचे इंग्रजी तपासू शकते आणि ते कसे तपासले हे व्हिसासाठी देण्याच्या प्रवेशपुष्टीत, म्हणजे कॅसमध्ये, नोंदवते. मग व्हिसासाठी वेगळा निकाल लागत नाही. तरीही अधिकारी मुलाखतीस बोलावू शकतो आणि दुभाष्याविना बोलता आले नाही तर अर्ज नाकारू शकतो. शाल्मलीताई, तुमची खरी अडचण त्या पाच वर्षांची आहे. शाळेच्या प्रमाणपत्राने जुने गुण ताजे होणार नाहीत. तुमची पदवी २०२३ची असेल, तर अध्यापन आणि परीक्षा दोन्ही इंग्रजीतून झाल्याचे पत्र महाविद्यालयाकडून घ्या आणि ते चालेल का, हे प्रवेश विभागाला आधी लेखी विचारा, कारण काही विद्यापीठे अशी पत्रे मुळीच स्वीकारत नाहीत.

प्रकाश_नाशिक: माझा भाचा कॉन्व्हेंटमध्ये शिकलेला, तरी कॅनडाच्या स्थायी निवासासाठी त्याला परीक्षा द्यावीच लागली. तुम्हीही देऊन टाका.

मेघना_लीड्स: प्रकाशराव, कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्रीत माध्यमावरून सूटच नाही; तो मार्ग निराळा आहे. ब्रिटनमध्येही थेट भारतातून नोकरीच्या व्हिसासाठी अर्ज केल्यास भारतीय शाळेचे माध्यम उपयोगी पडत नाही. इंग्रजीतून घेतलेली भारतीय पदवी चालते, पण त्यासाठी परदेशी पदव्या तपासणाऱ्या एक्टिस या ब्रिटिश संस्थेचा सशुल्क दाखला लागतो. उलट ब्रिटनमध्येच एम.एस्सी. पूर्ण केली, तर पुढे नोकरीच्या व्हिसासाठी तीच पदवी इंग्रजीचा पुरावा ठरते.

शाल्मली_पुणे: माझी पदवी २०२३चीच आहे. प्रवेश विभागाचे उत्तर आले: पत्र चालेल, मात्र ते महाविद्यालयाच्या अधिकृत ईमेलवरून थेट त्यांच्याकडे यावे. आमच्या कार्यालयाचा पत्ता जीमेलचा आहे आणि लिपिक म्हणतात की दुसरा पत्ताच नाही. प्राचार्यांची सही-शिक्क्याची प्रत कुरिअरने पाठवलेली कोणाची स्वीकारली गेली आहे का?

मेघना_लीड्स: माझ्या माहितीत एकाची स्वीकारली, एकाची परत आली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाकडूनच पत्र मिळते का, तेही विचारून पाहा.