मूळ फोटो मागताना पत्रात नेमकं काय लिहावं

"साखरपुड्याचे फोटो फोटोग्राफरने व्हॉट्सॲपवर पाठवलेत. मोठी फ्रेम करायची आहे. मूळ फाइल मागायला पत्र कसं लिहू?"

आधी एका फोटोचे डिटेल्स बघा. नावात `WA0012` असं काही आणि लांब बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास, म्हणजे व्हॉट्सॲपने फोटो दाबून लहान केलाय. ३० इंची फ्रेममध्ये इंचाला जेमतेम ५३ पिक्सेल येतील. शालूची जर पार पुसट होईल. २४ मेगापिक्सेलच्या मूळ फोटोची तीच बाजू ६००० असते, इंचाला २००. तेवढं पुरतं.

पत्रात नुसतं "ओरिजिनल" लिहू नका. फोटोग्राफर त्याचा अर्थ रॉ फाइल असा घेतात, आणि एडिट न केलेलं काम बाहेर द्यायला बरेच जण तयार नसतात. माझ्या मते ते रास्तच आहे. असं लिहा:

"दादा, नमस्कार. साखरपुड्याचे फोटो घरात सगळ्यांना आवडले. खाली नंबर दिलेले फोटो फ्रेमसाठी हवेत. एडिट केलेलेच द्या, पण पूर्ण आकाराच्या जेपीजीमध्ये, साइज कमी न करता. पेनड्राइव्ह घेऊन नवी पेठेत दुकानावर येते. वेगळे पैसे होत असतील तर आधी सांगा."

व्हॉट्सॲपवरच पाठवतो म्हणाले, तर "डॉक्युमेंट म्हणून पाठवा" सांगा. तसा पाठवला की फोटो दाबला जात नाही. आणि हे लवकर करा, फोटोग्राफरची हार्ड डिस्क भरली की जुनी कामं पुसली जाऊ शकतात.