अनुभव धागा: जोडीदाराने लपवलेलं कर्ज कळल्यावर तुम्ही काय केलंत?

मुलुंडची_मीरा: नवऱ्याच्या क्रेडिट कार्डावर १,२०,००० थकलेत, हे मला हाती लागलेल्या स्टेटमेंटवरून कळलं. तो म्हणतो, "दर महिन्याला ६,००० भरतोय ना!" मुलीच्या नावाची एफडी मोडून एकदाचं फेडावं का? तुमचे अनुभव लिहा.

बोरिवलीकर_काका: बँकेत कर्ज विभागात होतो. ६,००० ही किमान रक्कम दिसते. महिना साडेतीन टक्के व्याज धरा: ४,२००, त्यावर जीएसटी ७५६. मुद्दलातून जेमतेम हजार कमी होतात, आणि थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज. पण ताई, आधी एफडीला हात लावू नका. हे एकच कर्ज आहे का ते बघा. त्याला शेजारी बसवून सिबिलचा रिपोर्ट काढायला लावा, वर्षातून एकदा फुकट मिळतो. चालू खाती तर दिसतातच, पण खाली 'चौकशी' असते तीही वाचा. गेल्या काही महिन्यांत कुठे कुठे कर्ज मागितलंय ते तिथे कळतं.

परळची_सून: कशाला एवढं? नवऱ्याचं कर्ज बायकोला लागत नाही. निवांत राहा.

बोरिवलीकर_काका: सही केली नसेल तर नाही लागत. पण घराच्या कर्जात मीराताई सहकर्जदार असतील किंवा कुठे जामीन राहिल्या असतील, तर बँक त्यांच्याकडेही येणार.

दादर_पश्चिम: माझी बायको भिशी लपवते. विचारलं की म्हणते, माझे पैसे आहेत. याला काय म्हणायचं?

परळची_सून: दादा, ती साठवतेय. इथे कर्जाचं चाललंय.

विक्रोळीची_शुभदा: मी पाटल्या गहाण टाकून कार्ड फेडलं होतं. वर्षभरात तेच कार्ड पुन्हा भरलं, कारण लिमिट तशीच उघडी होती. दुसऱ्या वेळी आधी कार्ड बंद करायला लावलं, उरलेल्याचे बँकेकडून हप्ते बांधून घेतले आणि हप्ता पगाराच्या दुसऱ्या दिवशी लावला. पगाराचा मेसेज आता दोघांच्या फोनवर येतो. यावरून भांडणं झाली. त्याला अजून ते पाळतीसारखं वाटतं, आणि मला त्याशिवाय झोप लागत नाही.

बोरिवलीकर_काका: हप्ते बांधणं ठीक. "थोडे भरा, बाकी माफ" असं सांगणारा फोन आला तर मात्र थांबा. रिपोर्टवर तडजोड म्हणून नोंद राहते आणि पुढचं कर्ज मिळताना नडते. आणखी एक, ऑफिसच्या पतपेढीचं कर्ज बऱ्याचदा रिपोर्टमध्ये येत नाही, हातउसने तर नाहीच. पगाराच्या स्लिपवरची कपात बघा.

मुलुंडची_मीरा: रिपोर्ट काढला. दोन ॲपची कर्जं निघाली, मला एकही माहीत नव्हतं. कार्ड बंद करायला तयार झालाय. स्लिप मात्र "उद्या दाखवतो" म्हणतोय, सोमवारपासून.