मदत हवी आहे: पत्ता दुरुस्त करायची लिंक आली आहे, खरी की फसवी?

निशिगंध: दोन दिवसांत एक पार्सल यायचं आहे. आज मेसेज आला: 'घर क्रमांक अपुरा असल्याने आपले पार्सल गोदामात थांबवले आहे. १२ तासांत पत्ता दुरुस्त करा, अन्यथा परत पाठवले जाईल.' खाली लिंक आहे. नावं बदलून देते, रचना तीच:

```
https://courier.example.parcel-fix.test/a7
```

पत्ता आणि फोन भरला. पुढच्या पानावर पुन्हा डिलिव्हरीचं किरकोळ शुल्क म्हणून कार्डाची माहिती मागितली. नंबर, मुदत, सीव्हीव्ही टाइप केलं, पण शंका आली म्हणून बटण न दाबताच पान बंद केलं. आता काय करू?

उंबरठा: मेसेज कुरिअरच्या नावानेच आलाय का? त्यांच्या आधीच्या खऱ्या मेसेजच्या खालीच दिसत असेल तर खरा असणार. शिवाय https आहे, म्हणजे साइट सुरक्षित.

निशिगंध: हो, नाव तेच आहे आणि जुन्या मेसेजच्या खालीच आलाय. म्हणून तर विश्वास बसला.

दीपमाळ: उंबरठा, या दोन्ही खुणांवर विसंबू नका. एकाच नावाने आलेले मेसेज फोन आपोआप एकाखाली एक लावतो, आणि ते नाव खोटं घालता येतं. https चा अर्थ एवढाच की तुम्ही भरलेलं वाटेत कोणी वाचू शकत नाही. पलीकडे बसलाय तो कोण, हे त्यावरून कळत नाही.

निशिगंध, लिंक अशी वाचा. `https://` नंतरच्या पहिल्या तिरक्या रेघेपर्यंत या आणि तिथून उजवीकडून डावीकडे जा. शेवटचे दोन तुकडे म्हणजे मालक (`co.in` किंवा `co.uk` असेल तर तीन). तुमच्या लिंकमध्ये मालक `parcel-fix.test` आहे. डावीकडचं `courier.example` त्याने स्वतःच पुढे चिकटवलंय, तिथे कोणीही काहीही लिहू शकतो. फोनवर पत्त्याची जागा अरुंद असल्यामुळे बरेचदा डावीकडचाच भाग नजरेत भरतो, आणि डाव नेमका त्यावर असतो. ही लिंक फसवी आहे.

बटण दाबलं नाही म्हणून निर्धास्त राहू नका. अशी काही पानं तुम्ही टाइप करता करताच एकेक अक्षर पुढे पाठवतात. बँकेच्या अ‍ॅपमधून कार्ड आत्ता बंद करा आणि कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरावर फोन करून नवीन कार्ड मागा.

सांजवारा: मी अशी लिंक संगणकावर उघडून बघतो. तिथे कुरिअरची खरी साइट उघडली की निश्चिंत.

दीपमाळ: त्याचा भरवसा नाही. काही फसवी पानं फक्त मोबाइलवरच दिसतात, संगणकावरून येणाऱ्याला मुद्दाम खऱ्या साइटवर पाठवतात. तपासायचं तर लिंकला हात न लावता. दुकानाच्या अ‍ॅपमधली आपली ऑर्डर उघडा, तिथला ट्रॅकिंग नंबर घ्या आणि कुरिअरची साइट स्वतः टाइप करून त्यात घाला. पत्त्याची खरंच अडचण असेल तर ती तिथे नोंदलेली सापडते.

गवतफुला: पण पैसे मागितले की फसवणूकच, असं कसं म्हणता? परदेशातून मागवलेल्या वस्तूवर मला खरोखरच सीमाशुल्क भरावं लागलं होतं, मेसेजही आला होता.

दीपमाळ: बरोबर, शुल्क खरं असू शकतं. तेही वरच्याच रस्त्याने जाऊन भरा. इथे कारण 'घर क्रमांक' आणि मागणी कार्डाची, तिथेच पाणी मुरतंय. पुढच्या पानावर ओटीपी मागितला असता. तो मेसेज नुसते आकडे बघून सोडू नका, पूर्ण वाचा. किरकोळ शुल्काच्या जागी मोठी रक्कम दिसते, किंवा 'कार्ड मोबाइल वॉलेटमध्ये जोडण्यासाठी' असं लिहिलेलं असतं. तसा ओटीपी दिला की तुमचं कार्ड त्यांच्या फोनमध्ये जातं. पान 'ओटीपी चुकला' म्हणून पुन्हा मागतं, तेव्हा बहुधा दुसरा व्यवहार सुरू झालेला असतो.

निशिगंध: कार्ड बंद केलं, बँकेशी बोलले. ऑर्डरमधला नंबर साइटवर टाकला: 'पार्सल मार्गस्थ', पत्त्याची तक्रार नाही. पण पार्सल येणार हे त्यांना कळलं कसं?

सांजवारा: दुकानातून माहिती फुटली असणार.

दीपमाळ: तसंही असेल. पण हाच मेसेज हजारो नंबरांना जातो आणि त्यातल्या बऱ्याच जणांचं काही ना काही यायचंच असतं. मेसेजमध्ये तुमचं नाव किंवा ऑर्डरचा नंबर आहे का?

निशिगंध: नाव नाही. एक ट्रॅकिंग नंबर आहे, पण तो माझा नाही.

दीपमाळ: मग सरसकट पाठवलेला असण्याची शक्यता जास्त, तरी खात्रीने सांगता येणार नाही. आता मात्र तुमचा पत्ता आणि फोन त्यांच्याकडे आहे. 'बँकेतून बोलतोय, तुमचं कार्ड बंद झालंय' असा फोन आला आणि त्याने पत्ता अचूक सांगितला, तरी तो बँकेचाच असं समजू नका. फोन ठेवा आणि कार्डावरच्या नंबरावर स्वतः लावा.

गवतफुला: आणि डिलिव्हरीवाला चॅटवर लोकेशन मागतो, त्याचं काय? माझ्याकडे दर वेळी मागतात.

उंबरठा: हेच मलाही विचारायचं होतं.