अनुभव धागा: खोकी, रद्दी, पार्सलं आणि झुरळांची अंडी

धागा काढायला निमित्त माझंच घर, नांदेडचं. फ्रिज घेतला तेव्हा वॉरंटी आहे म्हणून खोकं माळ्यावर टाकलं. त्यात मिक्सरचं खोकं, त्यात पार्सलचे डबे, 'लागतात कधीमधी' म्हणून. मेअखेरीस पेस्ट कंट्रोल करून घेतलं, जेलचे ठिपके लावले. पंधरा दिवसांत स्वयंपाकघर साफ. जुलैच्या मध्यात ओट्याखाली मुंगळ्याएवढी पिल्लं. मी त्या माणसाशी फोनवर भांडले. तो आला, ओट्याकडे बघितलंसुद्धा नाही, टॉर्च घेऊन सरळ माळ्यावर चढला. फ्रिजच्या खोक्याचा तळ उलटा केला, तर पुठ्ठ्याच्या घडीत, टेपच्या कडेला, गडद तपकिरी दाणे चिकटलेले. लहान चिंचोकेच जणू. 19 मोजले, मग मोजणं सोडलं. तुमच्याकडे कुठे सापडले ते सांगा.

परभणी: ऑनलाइन खरेदी बंद करा, सगळं पार्सलमधूनच येतं. आमच्या वाड्यात पार्सल यायच्या आधी एक झुरळ नव्हतं. आणि झुरळ चपलेनं मारायचं नाही, अंडी घरभर पसरतात.

लातूर, अकरा वर्षं पेस्ट कंट्रोलमध्ये: दादा, अर्धं बरोबर आहे. किचनमधलं लहान तांबूस झुरळ पार्सलमधून येतं, पण बहुतेक जिवंतच येतं. त्याची मादी अंड्यांची पिशवी पिल्लं निघायच्या बेतापर्यंत शेपटाशी धरून फिरते, चिकटवत नाही. ती मारली तर पिशवी गळून पडते. अंडी उधळत नाहीत, पण पिशवी तिथंच राहिली आणि पिल्लं निघायला आली असतील तर निघू शकतात. म्हणून मारा, पण ती पिशवीही चिरडा.

नांदेडच्या ताईंकडचं प्रकरण वेगळं आहे. एवढे मोठे दाणे म्हणजे मोरीतलं, गटारीतलं मोठं झुरळ. ते पिशवी दिवस-दोन दिवसांत टाकतं, लाळेनं चिकटवतं, वर पुठ्ठ्याचा भुगा लावून झाकतं. एका पिशवीत चौदा-सोळा पिल्लं, निघायला साधारण दीड-दोन महिने. हिशोब करा, मेअखेर ते जुलै बरोबर जुळतंय. जेल खाल्लं तर मरतं, अंडं काही खात नाही. फवाराही त्या कवचातून आत जात नाही. म्हणून आम्ही दुसरी फेरी सांगतो, आणि लोकांना वाटतं पैसे उकळायलोत.

संभाजीनगर: आमच्याकडे फोटोफ्रेमच्या मागे आणि कपाटावरच्या बुटांच्या खोक्यांत सापडले, पण अगदी बारके, अर्धा सेंटिमीटर असतील. मोरी तर तिथून लांब. हे कोणतं?

लातूर: पंखांवर फिकट पट्टे असलेलं लहान झुरळ बघितलंय का? त्याला उंच, कोरडी, उबदार जागा लागते. तेच असावं, पण झुरळ बघितल्याशिवाय पक्कं सांगत नाही.

जालना, किराणा दुकान: मालाच्या खोक्याच्या पन्हाळीत, म्हणजे पुठ्ठ्याच्या दोन थरांमधल्या नागमोडी पोकळीत, झुरळं दडतात. पुठ्ठा चिकटवलेली खळही खातात. आम्ही माल बाहेर ओट्यावरच उतरवतो आणि खोकी त्याच दिवशी भंगारवाल्याला देतो. जुने दाणे दिसले तर एक शंका आहे, रिकामे कसे ओळखायचे? आम्हाला सगळे सारखेच दिसतात.

लातूर: पिल्लं एका बाजूच्या करवतीसारख्या कडेनं निघतात आणि कड परत मिटते, म्हणून रिकामा दाणाही अख्खा दिसतो. नखानं दाबा. रिकामा सुक्या पापुद्र्यासारखा चुरतो, भरलेला ओला फुटतो. कुशीला गोल भोक असेल तर आतली अंडी बारीक गांधीलमाशीनं खाल्ली समजा. तुम्हाला घरात काळी, पोट झेंड्यागत हलवणारी माशी दिसली असेल, तीही ह्याच कामाची. चावत नाही, तिला राहू द्या.

हिंगोली: माझ्या जुन्या दिवाळी अंकांत चंदेरी, माशासारखे किडे निघालेत, पानं कुरतडलीत. तेही झुरळाचंच का?

नांदेड (धागाकर्ती): ते नाही हो, ती कसर. वेगळा धागा काढा, मीही येते.

बीड: रद्दीचा गठ्ठा मेच्या उन्हात गच्चीवर ठेवतो, मरतात ना?

लातूर: वरचे चार-सहा पेपर तापतात, गठ्ठ्याच्या मधे ऊब तेवढी राहते. पेपर सुटे पसरले तर काही उपयोग. तरी मी भरवसा देत नाही.

धाराशिव: वडिलांच्या निधनाची बातमी असलेला पेपर रद्दीत घालवत नाही. गठ्ठ्यात दोन दाणे निघाले म्हणून तेवढा पेपर झटकून, घड्या तपासून, पारदर्शक पिशवीत घट्ट बांधून ठेवलाय. काही निघालंच तर पिशवीतच दिसेल. मुलीनं वर आजची तारीख लिहिलीय, आणि दोन महिने उघडायची नाही अशी ताकीद.